वाढवलेलं छत आणि त्रेचाळीस बिलं

पन्नास हजारांचा तो नियम मीच लिहिला होता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी साहेबांवर कितीही दातओठ खाल्ले, तरी वाचणाऱ्याला माझी बाजू धुतल्या तांदळासारखी वाटायला नको.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे भाग बनवणारी आमची कंपनी. कामगार बासष्ट, ऑफिसात आम्ही सात जण, आणि मालक एकच, ज्यांना सगळे साहेब म्हणतात. मी तिथली अकाउंटंट, एकवीस वर्षं. मी लागले तेव्हा साहेब स्कूटरवर यायचे आणि पगाराच्या पाकिटांवर माझ्याबरोबर बसून नावं लिहायचे. आता ते काळ्या गाडीतून येतात आणि माझ्याशी दारातून बोलतात. पैसा आला की माणसं बदलतात, असलं काही मी म्हणणार नाही. साहेब पहिल्यापासून असेच होते, फक्त तेव्हा त्यांना माझी गरज जास्त होती.

तर नियम. अकरा वर्षांपूर्वी आमच्या स्थिर मालमत्तेच्या रजिस्टरात कुलपं, नळ, पंखे असला सगळा कचरा भरला होता. ऑडिटर दरवर्षी विचारायचे, हा पंखा कुठे आहे, दाखवा. मी वैतागून एक पानाचा नियम केला, ऑडिटरांची मान्यता घेतली आणि साहेबांची सही घेतली. पन्नास हजारांच्या आतलं बिल थेट खर्चात, म्हणजे दुरुस्तीत. त्याच्या वरचं बिल असेल तर ते भांडवली आहे का ते तपासायचं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. एका कामाची अनेक बिलं आली तर सगळं काम एकत्र धरायचं, एवढं एक वाक्य त्यात हवं होतं. ते मी लिहिलं नाही, कारण कोणी एक काम मुद्दाम तोडेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मोठ्या शेडचं काम निघालं. सिमेंटचे जुने पत्रे खाली आले, गॅस कटरचा आवाज दिवसभर, आणि शेडमध्ये जायचं तर डोक्यावर हेल्मेट. तीन महिने ते चाललं. बिलं यायला लागली ती अंबडच्याच एका फॅब्रिकेटरची. आठवड्याला तीन, कधी चार. ‘शेडच्या छताची दुरुस्ती.’ एकोणपन्नास हजार दोनशे. अठ्ठेचाळीस हजार नऊशे. एकोणपन्नास हजार चारशे. वर जीएसटी वेगळा. मी बिल घ्यायचे, साहेबांची सही बघायचे आणि ‘इमारत दुरुस्ती व देखभाल’ या खात्यात टाकायचे. जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे बिलावर भरलेल्या कराची वजावट, महिन्याच्या महिन्याला घ्यायचे. माझी एंट्री स्वच्छ, बिलाला बिल, तारखेला तारीख.

छताकडे मी मान वर करून कधी पाहिलं नाही. शेडमधून जाताना लोक खाली बघतात, कारण खाली तेल सांडलेलं असतं.

ऑगस्टमध्ये ऑडिट सुरू झालं. दिवाळीचा बोनस त्या हिशेबावर ठरतो, म्हणून मी कच्चा आकडा काढला. बोनसचा कायदा असा, की कंपनीच्या नफ्यातून घसारा, कर वगैरे वजा केल्यावर जे उरतं त्याचा साठ टक्के वाटा कामगारांच्या बोनससाठी धरायचा. तो कितीही कमी आला तरी पगाराच्या सव्वाआठ टक्क्यांच्या जरा वर, म्हणजे आठ पूर्णांक तेहेतीस, एवढं द्यावंच लागतं. आमचा वाटा तेवढासुद्धा येत नव्हता. म्हणजे किमान बोनस. गेली काही वर्षं तोच येत होता, म्हणून मला नवल वाटलं नाही. नोटीस लागायच्या आधीच आकडा शेडमध्ये पोहोचला. असल्या बातम्यांना पाय कुठून फुटतात, हे मला एकवीस वर्षांत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामगारांचे प्रतिनिधी माझ्या दारात उभे राहिले. सुरगाण्याकडचे, वेल्डर, पंचेचाळिशीचे. माणूस शांत, पण शांतपणे बोलून समोरच्याचं रक्त तापवायचं कसब त्यांच्याकडे आहे. आमचं कधी जमलं नाही. मला ते अडेलतट्टू वाटायचे आणि मी त्यांना साहेबांची चमची वाटायचे. हे दोघांनाही माहीत होतं.

“मॅडम, औंदा आठ टक्के?” ते म्हणाले.

“आठ पूर्णांक तेहेतीस.”

“माल तर लय गेला. दोन शिफ्ट मारल्या आम्ही.”

“माल गेला म्हणजे नफा झाला असं नसतं,” मी म्हणाले. “खर्चही झाला. छताच्या दुरुस्तीलाच वीस लाखांच्या वर गेले.”

हे मी जरा तोऱ्यातच म्हणाले. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्याला गप्प करायचा जो सूर असतो, तो.

“दुरुस्ती?” ते म्हणाले.

“दुरुस्ती.”

“चला माझ्यासंगं.”

“मला कामं आहेत.”

“माझी बी हायेत. मशीन बंद करून आलोय. चला.”

मी गेले ते रागानेच गेले. एकदाचं याचं तोंड बंद करावं, असा विचार होता. त्यांनी मला मोठ्या शेडच्या मधल्या खांबापाशी नेलं आणि हाताने वर दाखवलं. माझ्या डोक्याच्या बरंच वर खांबावर चारी बाजूंनी एक जाड शिवण होती. तिच्या खाली जुना, गंजाचे डाग पडलेला खांब आणि वर नवा, लाल रंगाचा. पुढच्या खांबावर तीच शिवण. त्याच्या पुढच्यावर तीच.

“हा जोड बघा,” ते म्हणाले. “जुन्या खांबावर पाच फूट नवा खांब वाढवला. त्याच्यावर नव्या कैच्या, छत पेलायचा सांगाडा. त्याच्यावर पत्रा, तो पण जाडीचा, आतून अस्तर लावलेला. पाच फूट का वाढवलं म्हाईत हाय?”

मला माहीत होतं. ते सांगायच्या आधी मला दिसलं होतं. मे महिन्यापासून त्या शेडमध्ये पाच टनांची क्रेन फिरत होती. जुन्या छताखाली ती बसलीच नसती. क्रेनची किंमत मी स्वतः यंत्रसामग्रीत टाकली होती.

“दुरुस्तीला खांब कोण वाढवतं, मॅडम?” ते म्हणाले. “मी वेल्डर हाय. मला कागद कळत नाय, पण जोड कळतो.”

सगळ्यात जास्त राग आला तो या माणसाचाच. साहेबांचा नंतर आला.

यातलं शास्त्र अवघड नाही. फुटलेला पत्रा बदलला, पन्हळ नीट केली, गळती बंद केली, तर इमारत होती तशी राहते. तो खर्च त्या वर्षाचा, नफ्यातून जातो. पण इमारतीत आधी नव्हतं ते आलं, तिची उंची वाढली, आयुष्य वाढलं, आधी न होणारं काम तिच्यात व्हायला लागलं, तर तो खर्च भांडवली. तो इमारतीच्या किमतीत जमा होतो आणि नफ्यातून दरवर्षी फक्त घसारा जातो. बिल केवढं आहे आणि त्यावर कोणता शब्द लिहिलाय, यावर हे ठरत नाही. काय काम झालं त्यावर ठरतं. वाणिज्य शाखेच्या पोरांना हे पहिल्या वर्षी शिकवतात. मला पण शिकवलं होतं.

परत येऊन मी खात्याचा पूर्ण उतारा छापला. त्या फॅब्रिकेटरची त्रेचाळीस बिलं होती. एकही पन्नास हजारांचं नाही. एका दिवशी तर तीन बिलं, तिन्हींचे नंबर ओळीने. ही माझ्या हातून गेली होती. एकेक करून गेली म्हणून दिसली नाहीत, असं मी त्या दिवशी स्वतःला दहा वेळा सांगितलं.

फॅब्रिकेटरला फोन केला. त्यांचे शेवटचे पैसे बाकी होते, त्यामुळे ते आनंदाने बोलले. “ताई, एवढी बिलं करायची मलाच कटकट,” ते म्हणाले. “साहेब बोलले, पन्नासच्या आत ठेवा, ऑफिसात सोपं जातं. मी म्हटलं, आपल्याला काय.”

“सगळं काम शेड वाढवायचंच होतं का?”

“नाही, नाही. सहा बिलं मागच्या स्टोअरची. तिथं फुटके पत्रे बदलले फक्त, आणि पन्हळी. बाकी सदतीस मोठ्या शेडची. तुमच्याकडं माझं कोटेशन असेल की.”

माझ्याकडे कोटेशन नव्हतं. होतं ते बँकेच्या फाइलमध्ये. क्रेनसाठी घेतलेल्या कर्जाची फाइल माझ्याच कपाटात असते. त्यात साहेबांनी प्रकल्पाचा खर्च म्हणून काय दिलं होतं ते मी काढलं. क्रेन एवढ्याची, आणि त्याखाली, ‘क्रेनसाठी मुख्य शेडची उंची वाढवणे’, साधारण सव्वाअठरा लाख. सोबत त्याच फॅब्रिकेटरचं कोटेशन, एकच, तीन पानांचं. मागच्या स्टोअरचा त्यात उल्लेखही नाही. बँकेला हे छत मालमत्ता म्हणून दाखवलं होतं आणि मला दुरुस्ती म्हणून. एकाच छताची दोन तोंडं.

मी ती फाइल आणि उतारा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते फोनवर होते. मी बसले नाही. फोन संपेपर्यंत उभी राहिले, आणि उभं राहिल्याने माझा पारा आणखी चढला.

“ही सदतीस बिलं भांडवली आहेत,” मी म्हणाले. “मी एंट्री फिरवतेय.”

त्यांनी उतारा हातातही घेतला नाही. “तुमचा नियम काय आहे, मॅडम? पन्नास हजार. मी तुमच्या नियमाप्रमाणे चाललो.”

“बिलं तुम्ही तोडायला लावलीत.”

“पुरावा?”

मी बँकेची फाइल उघडून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ते पान पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त पेन उचलून टोपण लावलं.

“बसा,” ते म्हणाले.

“नको.”

“बसा, मग भांडा.” मी बसले नाही. “क्रेनचा हप्ता सुरू झालाय,” ते म्हणाले. “ती क्रेन कोणासाठी आणली? याच लोकांच्या पाठी मोडत होत्या. आता मी त्यांना सावलीपण दिली, क्रेनपण दिली आणि वर बोनसपण वाढवून देऊ?”

“बोनस तुम्ही देत नाही. हिशेब देतो. खरा असेल तेवढाच.”

“आणि जीएसटी?” आता ते पुढे झुकले. हा पत्ता त्यांनी राखून ठेवला होता. “इमारतीच्या बांधकामाचा खर्च भांडवली केला की त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, बरोबर? सव्वातीन लाख. घेतलेलं क्रेडिट उलटवायचं, वर व्याज. ते क्रेडिट कोणी घेतलं? मी घेतलं? रिटर्न कोण भरतं?”

“मी.”

“मग चूक कोणाची?”

“माझी.”

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. पण खोटं बोलायला काही जागाच नव्हती. क्रेडिट मी घेतलं होतं, आणि सहा ते नऊ महिने ते आम्ही वापरलं होतं.

“व्याज तुमच्या पगारातून कापलं तर?” ते म्हणाले.

“कापा. पण लेखी द्या, कशासाठी कापताय ते.”

त्यानंतर ते जे बोलले ते एकवीस वर्षांत बोलले नव्हते. मी त्यांच्या घरचं मीठ खाल्लं, माझ्या आजारपणात त्यांनी कसे पैसे दिले, मी शेडमधल्या लोकांना कशी फितूर झाले. माझ्या आजारपणाचे पैसे मी आठ महिन्यांत फेडले होते आणि त्याची नोंद माझ्याच वहीत आहे. पण ते मी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “मीठ खाल्लं असेल तर कामाचं खाल्लं,” आणि बाहेर आले. इतका राग मला माझ्या नवऱ्यावरही कधी आलेला नाही, आणि त्याने मला भरपूर संधी दिल्या आहेत.

ऑडिटर दोन दिवसांनी आले. सभ्य माणूस, बोलताना सतत चष्मा पुसणारे. त्यांच्या हाताखालच्या पोरांनी मोठ्या रकमांची बिलं तपासली होती. ही सगळी लहान, म्हणून एकही त्यांच्या नजरेखाली आलं नव्हतं. मी सगळं समोर मांडल्यावर त्यांनी सुस्कारा टाकला आणि मला पहिला प्रश्न विचारला तो असा, “मॅडम, हे पुढच्या वर्षी नाही का बघता येणार?”

“पुढच्या वर्षी छत खाली येणार आहे का?” मी विचारलं.

ते ओशाळले, मग साहेबांच्या केबिनमध्ये गेले. तासाभराने बाहेर आले तेव्हा ठरलं होतं. त्यांना साहेबांपेक्षा बँकेची भीती जास्त होती. बँकेच्या फाइलमध्ये एक आणि ताळेबंदात दुसरं, अशा कागदांवर सही करायला ते तयार झाले नाहीत. न्याय वगैरे कोणी केला नाही, एका सभ्य माणसाने आपली सही वाचवली, एवढंच झालं. मला त्यातही समाधान होतं.

एंट्री मी त्याच संध्याकाळी केली. इमारत खाते नावे, इमारत दुरुस्ती व देखभाल खाते जमा, अठरा लाख तेरा हजार. तपशिलात सदतीस बिलांचे नंबर, कोटेशनचा संदर्भ आणि कारण: मुख्य शेडची उंची पाच फुटांनी वाढवली, नव्या कैच्या, क्रेनसाठी. उलटवायचं जीएसटी क्रेडिटही इमारतीच्याच किमतीत टाकलं. घसारा निम्म्या दराने, कारण शेड वर्षाच्या शेवटी शेवटी वापरात आली. स्टोअरची सहा बिलं, दोन लाख नव्वद हजारांची, मी दुरुस्तीतच ठेवली, कारण ती दुरुस्तीच होती.

यावर प्रतिनिधी पुन्हा आले. “ती सहा का सोडली?” ते म्हणाले.

“फुटके पत्रे बदलले, तेवढंच.”

“नवे पत्रे हायेत की.”

“नवे असले म्हणून काय झालं? स्टोअर होतं तेवढंच आहे.”

“साहेबासाठी काही तरी ठेवायलाच लागतं तुम्हाला.”

मी त्यांना दारच दाखवलं. अक्षरशः बोट केलं. साहेबांनी मला फितूर म्हणावं आणि यांनी चमची, ते पण एकाच आठवड्यात. त्या संध्याकाळी घरी मी भाकऱ्या अशा थापल्या की शेजारच्या काकूंनी भिंतीवर टकटक केली.

बोनस साडेतेरा टक्के बसला. माणशी आठ हजारांच्या वर फरक पडला. नोटीस लागली तेव्हा शेडमध्ये आरडाओरडा झाला, पेढे वाटले. मला कोणी पेढा आणून दिला नाही. साहेबांनी व्याज माझ्या पगारातून कापलं नाही, लेखी द्यावं लागलं असतं ना. त्यांनी दुसरं केलं. बिलांची मंजुरी माझ्याकडून काढून एका नव्या पोराकडे दिली, आणि माझी खुर्ची केबिनमधून हलवून बाहेर पाण्याच्या टाकीजवळ ठेवली. मी तिथे बसते. पंखा कुरकुरतो. त्याची दुरुस्ती मी मागितलेली नाही.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी प्रतिनिधी तिथे आले. या वेळी खुर्ची ओढून बसले, जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. मला वाटलं आभार मानायला आलेत, आणि मी मनातल्या मनात जरा सैल झाले.

“मॅडम, एक विचारायचं व्हतं. ही बिलं तोडायची पद्धत औंदाच सुरू झाली का आधीपासून हाय?”

ऑगस्टमध्ये मी त्या खात्याचा उतारा छापला तो एकाच वर्षाचा नव्हता. हात फिरत गेला आणि मी मागची पाच वर्षं काढली होती. दोन वर्षांपूर्वी कॅन्टीन वाढवून दुप्पट केलं होतं, वर नवा स्लॅब. सतरा बिलं, सगळी पन्नास हजारांच्या आत, सगळी दुरुस्तीत, सगळी माझ्या एंट्रीची. त्या वर्षीचे हिशेब सह्या होऊन बंद झाले होते. मी ते कागद घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले होते आणि कोणाला सांगितलं नव्हतं. ऑडिटरांनाही नाही. का नाही, तर मला माझी लाज वाटत होती, आणि साहेबांशी पुन्हा भांडायची ताकद नव्हती. दोन्ही खरं आहे.

“दोन वर्षांपूर्वी,” मी शेवटी म्हणाले. “कॅन्टीन. ते पण भांडवली होतं. कागद आहेत माझ्याकडे.”

“तवा पण आठच टक्के मिळाला.”

“हो.”

“खरा किती बसला असता?”

“बारा, साडेबारा.”

त्यांनी बोटांवर हिशेब केला. वेल्डरची बोटं, काळी, टोकाला भाजलेली. मग म्हणाले, “सात हजार.”

“साधारण.”

“त्या दिवाळीनंतरच्या जूनमध्ये माझ्या पोरीचं नर्सिंगला नाव लागलं व्हतं. इथंच, नाशकात. सात हजार कमी पडत व्हते. बाकीचे जमवले, तेवढेच नाय जमले. तुमच्याकडं आलो व्हतो मी, पगारावर उचल मागायला. तुम्ही म्हणला, नियमात बसत नाय.”

मला काहीच आठवत नव्हतं. असे अर्ज महिन्याला दहा येतात.

“पोरगी आता काय करते?” मी विचारलं.

“द्राक्षाच्या कामाला जाते. जीप येती सकाळी.” ते उठले. आवाज चढला नाही, शिवी आली नाही. आली असती तर बरं झालं असतं. “ते कागद द्या मला,” ते म्हणाले.

मी पर्स उघडली आणि दिले.

ते गेल्यावर मी जुनं उचलीचं रजिस्टर काढलं. जून महिन्याच्या पानावर त्यांचा अर्ज चिकटवलेला होता, मुलीच्या हस्ताक्षरात लिहिलेला, बाळबोध आणि नीटनेटका. रक्कम सात हजार. कारण, मुलीची प्रवेश फी. त्याखाली लाल शाईत माझा शेरा होता, ‘सबळ कारण नाही’, आणि माझी सही.